औषधं दुसऱ्याकडून आणवताना

पुण्या-मुंबईत मुलं परदेशी आणि आईवडील एकटे, किंवा नवरा-बायको दोघंही दिवसभर ऑफिसात, अशा घरांची बाहेरची कामं पैसे घेऊन करून देणारे मदतनीस आता मिळतात. भाजी चुकीची आली तर निभावून नेता येतं. औषधाचं तसं नाही.

समजा, कोथरूडच्या एका आजींना रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम हवी आहे. नेहमीची कंपनी दुकानात नाही. दुकानदार दुसरी पुढे करतो. पैसे देण्याआधी मदतनिसाने पाकिटाचा फोटो पाठवून फोन करावा: "आजी, नाव वेगळं आहे, पण पाकिटावर अ‍ॅम्लोडिपिन ५ लिहिलंय. घेऊ का?" कंपनीच्या नावासोबत मूळ औषध आणि मात्रा छापलेली असते; चिठ्ठीशी ती जुळवायची. नावापुढे 'एटी' असेल, तर त्यात बहुधा अ‍ॅटेनोलॉलही असतं. शंका आली तर डॉक्टरांना विचारावं.

खरा धोका घरी असतो. जुनी पट्टी शिल्लक असते, नवीचं नाव वेगळं. आजी दोन्ही गोळ्या घेतात आणि मात्रा दुप्पट होते. म्हणून नव्या पाकिटावर 'जुनी संपल्यावर' असं मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं.

सुट्या गोळ्या घेताना मुदतीची तारीख नसलेला तुकडा नाकारावा. पैसे दुकानदारालाच यूपीआयने द्यावेत, बिल आजींच्या नावाचं घ्यावं. मदतनिसाला एटीएम कार्ड, पिन किंवा ओटीपी कधीच देऊ नये.