‘पेक्षा’ म्हणजे नेहमीच ‘दॅन’ नव्हे

मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही. ‘सुनीता मीनापेक्षा उंच आहे’ या वाक्यात तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’वर असतो. इंग्रजीत मात्र टॉलचे टॉलर होते. ‘अधिक उंच’ हे मनात धरून आपण त्याच्याआधी मोअरही लावतो आणि मोअर टॉलर ही दुहेरी तुलना तयार होते. खूण एकच हवी, इआर किंवा मोअर. फरक ठसवायचाच असेल तर मच टॉलर म्हणावे. शेक्सपिअरच्या काळी अशी दुहेरी रूपे सर्रास चालत. ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनीच्या भाषणातही एक आहे. पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ती चूक ठरवली.

खरी अडचण येते ती लॅटिनमधून आलेल्या शब्दांपाशी. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर, प्रायर यांच्या शेवटचा ‘इअर’ हा लॅटिनमधला तुलनेचाच प्रत्यय आहे. सेनेक्स म्हणजे म्हातारा, सीनिअर म्हणजे त्याहून वयस्क. तुलना शब्दाच्या पोटातच असते आणि या शब्दांपुढे इंग्रजीत टू येतो. आपल्या मनात ‘पेक्षा’ची जोडी दॅनशी पक्की झालेली असते, म्हणून हात तिकडेच वळतो.

स्पर्धा परीक्षेत येते तसे एक वाक्य घेऊ: ‘ही इज सीनिअर दॅन मी, बट माय वर्क इज मोअर सुपीरिअर दॅन हिज.’ पहिल्या भागात दॅनच्या जागी टू हवा. दुसऱ्या भागात चुका दोन आहेत. मोअर काढायचा आणि दॅनचा टू करायचा: ‘माय वर्क इज सुपीरिअर टू हिज.’ घाईत एकच चूक दुरुस्त होते आणि गुण जातो. मात्र ‘मोअर सीनिअर दॅन’ असे आजच्या चांगल्या इंग्रजीतही आढळते, कारण सीनिअर आता ‘वरच्या हुद्द्याचा’ अशा साध्या विशेषणासारखा वापरला जातो. सुपीरिअरला ती मुभा मिळालेली नाही. मेजर, मायनर, इंटीरिअर हेही त्याच घराण्यातले, पण इंग्रजीत ते सहसा तुलना करत नाहीत. त्यांच्यापुढे टू शोधू नये.

युनिकची गोष्ट वेगळी. त्याचा मूळ अर्थ ‘एकमेव’, आणि एकमेव गोष्टीत कमीजास्त नसते. म्हणून परीक्षेत मोअर युनिक किंवा व्हेरी युनिक चूक धरतात. ऑलमोस्ट युनिक मात्र चालते, कारण ‘जवळजवळ एकमेव’ असू शकते. परफेक्टलाही हाच नियम लावतात. पण 1787च्या अमेरिकी राज्यघटनेच्या उद्देशिकेतच परफेक्टच्या आधी मोअर आहे, ‘पूर्णत्वाच्या अधिक जवळ’ या अर्थाने. उत्तरपत्रिकेत नियम पाळा. पण वाचताना असे रूप दिसले, तर लिहिणाऱ्याचे चुकले असे लगेच ठरवू नका.