तक्ता विस्कटतो तेव्हा

निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टातल्या योजनांची तुलना फिरत असते. ती कुणीतरी एक्सेलमध्ये नीट चौकटी आखून केलेली असते. मग ती तिथून कॉपी होऊन मेसेजमध्ये चिकटवली जाते आणि वाचणाऱ्याच्या फोनवर असं काहीतरी उतरतं:

```
ज्येष्ठ मासिक मुदत ठेव
व्याज 8.2 7.4 7.5
मर्यादा 30 9 / 15 —
वय 60* — —
80सी होय — होय
```

चौकटी गेल्या, रकान्यांमधल्या मोकळ्या जागाही गेल्या. ‘मुदत ठेव’ या दोन शब्दांमुळे वरच्या ओळीत योजना तीन आहेत की चार, हेही कळेनासं झालं. स्पेस मारून रकाने जुळवायचा प्रयत्न बरेच जण करतात, पण देवनागरीत तो फसतोच. आपल्या लिपीत काना अक्षराला रुंद करतो, उकार करत नाही, आणि जोडाक्षराची रुंदी फाँटप्रमाणे बदलते. तुमच्या फोनवर जुळलेली ओळ शेजाऱ्याच्या फोनवर वाकडी दिसते. तक्त्याचा फोटो पाठवला तर तो दिसतो चांगला, पण ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून मजकूर वाचून घेतात, त्यांच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून वाक्यं करावी लागतात.

वाक्यं करताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. तक्त्यातला आकडा एकटा कधीच नसतो. 7.4 या आकड्याला वरून ‘मासिक’ हे नाव आणि डावीकडून ‘व्याज’ हा प्रश्न असे दोन आधार असतात. चौकट गेली की दोन्ही आधार जातात आणि ते वाक्यात परत द्यावे लागतात. ‘पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत वर्षाला 7.4 टक्के व्याज मिळतं’ एवढं लिहिलं की तो एक कप्पा पूर्ण झाला. ‘टक्के’ आणि ‘वर्षाला’ हे शब्द तक्त्यात बहुधा कोपऱ्यात किंवा शीर्षकात असतात, त्यामुळे तेच आधी हरवतात.

पुढचा प्रश्न क्रमाचा. एकेक योजना घेऊन तिच्याबद्दलचं सगळं सांगायचं, की एकेक प्रश्न घेऊन तिन्ही योजनांची उत्तरं द्यायची? वाचणाऱ्याला निवड करायची असेल तर दुसरी पद्धत बरी. नाहीतर तिसरी योजना वाचेपर्यंत पहिलीचं व्याज डोक्यातून गेलेलं असतं. योजनांचा क्रम मात्र प्रत्येक प्रश्नाला तोच ठेवावा आणि नावंही तीच. एकदा ‘ज्येष्ठ नागरिक योजना’, नंतर ‘एससीएसएस’, मग ‘पहिली योजना’ असं केलं की वाचणारा या तीन वेगळ्या योजना समजतो. एकच गोष्ट पुन्हा लिहिताना वेगळा शब्द वापरावा, असं शाळेत निबंधासाठी शिकवलेलं असतं. इथे तो धडा विसरलेला चांगला.

‘अनुक्रमे’ या शब्दाचा तर मला रागच आहे. ‘ज्येष्ठ नागरिक, मासिक उत्पन्न आणि मुदत ठेव या योजनांवर अनुक्रमे 8.2, 7.4 आणि 7.5 टक्के व्याज मिळतं’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असलं तरी तो वाक्यात लपवलेला तक्ताच आहे. वाचणाऱ्याला बोटं मोजत मागे जावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला तर तेही जमत नाही.

आता रिकाम्या जागा. वरच्या तक्त्यात एकच आडवी रेघ वेगवेगळ्या अर्थांनी आली आहे. मर्यादेच्या ओळीत मुदत ठेवीखाली तिचा अर्थ ‘कमाल मर्यादा नाही, हवे तेवढे ठेवा’. 80सीच्या ओळीत मासिक उत्पन्न योजनेखाली तिचा अर्थ ‘सवलत मिळत नाही’. वयाच्या ओळीत ‘ज्येष्ठ असण्याची अट नाही’. काही तक्त्यांमध्ये तर हीच रेघ ‘माहिती मिळाली नाही’ म्हणूनही मारलेली असते. वाक्य लिहिताना यातला एक अर्थ निवडावाच लागतो आणि तो मूळ नियम पाहूनच निवडावा. रेघ गाळून पुढे जाणं सगळ्यात सोपं, पण मग करसवलतीच्या आशेने कुणीतरी मासिक योजनेत पैसे टाकतो. चांदणीचंही तसंच. 60 या आकड्यावरच्या चांदणीची तळटीप वाक्यात लगेच, त्याच जागी आली पाहिजे.

सगळ्यात फसवी ओळ असते ती ‘हातात किती येतील’ याची. 9 लाख रुपये ठेवले तर ज्येष्ठ नागरिक योजनेत 18,450 आणि मासिक योजनेत 5,550 रुपये, असं तक्ता शेजारी-शेजारी दाखवतो. पहिला आकडा तिप्पट वाटतो. पण 18,450 हे तीन महिन्यांचे आहेत आणि 5,550 एका महिन्याचे. वर्षाचा हिशेब केला तर 73,800 आणि 66,600 होतात, म्हणजे फरक 7,200 रुपयांचा. मोजमाप वेगळं असेल तर दोन्ही आकडे आधी एका मापात आणावेत आणि मगच त्यांची तुलना करावी.

हे सगळं सांभाळून केलेला मजकूर असा होईल:

‘दर 2024-25 या आर्थिक वर्षातले आहेत. तिन्ही योजनांची मुदत 5 वर्षं आहे. व्याज: ज्येष्ठ नागरिक योजनेत वर्षाला 8.2 टक्के, दर तीन महिन्यांनी हातात मिळतं. मासिक उत्पन्न योजनेत वर्षाला 7.4 टक्के, दरमहा मिळतं. मुदत ठेवीत वर्षाला 7.5 टक्के, वर्षातून एकदा मिळतं. जास्तीत जास्त रक्कम: ज्येष्ठ नागरिक योजनेत 30 लाख. मासिक उत्पन्न योजनेत एकट्याच्या नावावर 9 लाख, संयुक्त खात्यात 15 लाख. मुदत ठेवीला मर्यादा नाही. वय: ज्येष्ठ नागरिक योजनेला साधारणपणे 60 पूर्ण लागतं, 55 ते 60 मधल्या निवृत्तांनाही काही अटींवर खातं उघडता येतं. मासिक उत्पन्न योजना आणि मुदत ठेव यांना ज्येष्ठ असण्याची अट नाही. जुन्या करप्रणालीत 80सीची सवलत: ज्येष्ठ नागरिक योजनेला आहे, मासिक उत्पन्न योजनेला नाही, पाच वर्षांच्या मुदत ठेवीला आहे.’

तिन्हींना समान असलेली मुदत एकदाच सांगितली, तीही सुरुवातीला. आणखी एक पथ्य पाळलं आहे. ‘फक्त 7.4’, ‘तब्बल 30 लाख’ असले शब्द कुठेही नाहीत. तक्ता कुणाची बाजू घेत नाही, वाक्य मात्र नकळत घेतं. ‘ज्येष्ठांसाठी असल्यामुळे व्याज जास्त’ असं कारणही जोडू नये, कारण तक्त्यात ते नव्हतं. सल्ला द्यायचाच असेल तर खाली वेगळा परिच्छेद करून, तो आपला सल्ला आहे असं सांगून द्यावा.

पाठवण्याआधी हा मजकूर मूळ तक्ता न पाहिलेल्या घरातल्या कुणाला तरी द्या आणि कागदावर तक्ता आखून भरायला सांगा. तीन योजना आणि चार प्रश्न म्हणजे बारा कप्पे. एखादा कप्पा रिकामा राहिला किंवा भरताना त्यांनी तुम्हाला काही विचारलं, तर त्याच जागी वाक्य अपुरं आहे.

ही पद्धत चार-पाच गोष्टींच्या तुलनेपर्यंत चालते. पंधरा गाड्या आणि वीस स्थानकांचं वेळापत्रक वाक्यांत लिहू नका, कुणी वाचणार नाही. समोरच्याला कुठून कुठे जायचंय ते विचारा आणि तेवढ्याच गाड्यांच्या वेळा लिहून पाठवा.