शुक्रवार दहा की शनिवार अकरा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी शाळेत शिकवते आणि सहावीच्या एका वर्गाची वर्गशिक्षिका आहे. वर्गातल्या पालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. शाळेच्या सूचना मी त्यावर टाकते आणि पालक उत्तरं देतात. आज मी त्यातल्या एकाच उत्तराबद्दल बोलणार आहे. ते एका आईनं ऑक्टोबर २०२५ मधल्या सहामाही परीक्षेच्या आधी पाठवलं होतं. जेमतेम पाच-सहा ओळींचं होतं, पण त्यामुळे माझ्या हातून होणारा एक घोटाळा टळला.

झालं असं, की मी परीक्षेच्या वेळापत्रकाचा फोटो गटावर टाकला. सोमवार, ६ ऑक्टोबरला मराठी, मंगळवारी ७ ला हिंदी, बुधवारी ८ ला इंग्रजी, गुरुवारी ९ ला गणित. त्याखालच्या ओळीत होतं, ‘शनिवार, १० ऑक्टोबर, विज्ञान’. शेवटी सोमवारी १३ ला इतिहास-भूगोल. वर एकच वेळ छापलेली होती, सकाळी अकरा ते एक. फोटो टाकल्यावर अर्ध्या तासात ‘ओके मॅडम’, ‘थँक यू मॅडम’ आणि अंगठ्याची चित्रं यांची रांग लागली. मलाही बरं वाटलं, की चला, सगळ्यांना कळलं.

रात्री पावणेनऊच्या सुमारास या आईचं उत्तर आलं. ते जसंच्या तसं सांगते :

‘नमस्कार मॅडम. सहामाहीचं वेळापत्रक मिळालं. सोमवार ६ ते गुरुवार ९ ऑक्टोबरचे चार पेपर आणि सोमवार १३ ऑक्टोबरचा पेपर समजला. एक तारीख विचारायची होती. विज्ञानासमोर ‘शनिवार, १० ऑक्टोबर’ असं आहे, पण १० तारखेला शुक्रवार येतो. विज्ञानाचा पेपर शुक्रवारी १० ला आहे की शनिवारी ११ ला? – हजेरी क्रमांक २३ ची आई.’

मी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. १० तारखेला शुक्रवारच होता. पण खरं काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागात विचारलं तेव्हा उलगडा झाला. विज्ञान आधी शुक्रवारीच होतं. शुक्रवारी सभागृह दुसऱ्या कामासाठी लागणार म्हणून पेपर शनिवारवर ढकलला. संगणकावर वाराचा रकाना वेगळा आणि तारखेचा वेगळा. वार बदलला, तारीख तशीच राहिली. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे त्या पेपराची वेळही अकराची नव्हती, आठ ते दहा होती. ते तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. तारीख विचारली गेली नसती तर वेळेची चूकही कुणाच्या लक्षात आली नसती.

आता या उत्तरात काय काय आहे ते बघू या. पहिलं म्हणजे त्या बाईंनी लिहिण्याआधी वेळापत्रक वाचलं होतं. तुम्ही म्हणाल, सगळेच वाचतात. तसं नाही. सगळे आपल्याला हवा तो विषय आणि पहिली तारीख बघतात. त्यांनी प्रत्येक ओळीतला वार आणि तारीख दिनदर्शिकेशी जुळवून पाहिली. सहा ओळींना दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. या तपासणीतून चूक कुठून आली असावी, याचाही अंदाज येतो. वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे जाते. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. १० ऑक्टोबरला २०२४ मध्ये गुरुवार होता, २०२५ मध्ये शुक्रवार आला. तेव्हा वेळापत्रकातला प्रत्येक वार एकेक दिवस मागे दिसला, तर समजावं की गेल्या वर्षीचा कागद पुन्हा वापरला आहे आणि मग एकूण एक ओळ विचारून घ्यावी. एकाच ओळीत गडबड असेल, तर कुणीतरी मागाहून तेवढी ओळ बदललेली असते. आमचं तसंच झालं होतं.

दुसरी गोष्ट पोच देण्याची. ‘ओके मॅडम’ म्हणजे फोटो पोचला, एवढंच मला कळतं. पालकांनी काय वाचलं हे कळत नाही. या आईनं ‘सोमवार ६ ते गुरुवार ९, आणि सोमवार १३’ असं आपल्या शब्दांत परत लिहिलं. त्यात कुठे चूक असती, समजा त्यांनी १३ च्या जागी १४ वाचलं असतं, तर मला ते तिथेच दिसलं असतं. शिवाय कोणत्या पाच पेपरांबद्दल शंका नाही हे ठरून गेल्यामुळे मला एकाच ओळीची चौकशी करायची होती. सगळं वेळापत्रक परत लिहायची गरज नाही. सलग दिवस एकत्र सांगितले तरी चालतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रश्नाची मांडणी. इथे मला माझीच एक चूक सांगायला हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये घटक चाचणी होती. वेळापत्रकाचा फोटो पुसट होता आणि भूगोलासमोरचा आकडा ७ आहे की ८, ते नीट दिसत नव्हतं. एका पालकांनी विचारलं, ‘भूगोल ७/८?’ मी दोन तासांच्या मधल्या वेळेत घाईनं वाचलं. मला वाटलं, सात ऑगस्ट म्हणतायत. भूगोल सातलाच होता. मी लिहिलं, ‘हो.’ त्यांना विचारायचं होतं, सात की आठ? ‘हो’ या उत्तरातून त्यांना काहीच कळलं नाही. पुन्हा विचारायला त्यांना संकोच वाटला असावा. त्यांनी दुसऱ्या एका पालकांना विचारलं, त्यांनी आठ सांगितलं. सात तारखेला तो मुलगा हिंदीचा अभ्यास करून आला. भूगोलाची प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर त्याचं तोंड इतकंसं झालं. ‘बाई, आज हिंदी आहे ना?’ असं त्यानं मलाच विचारलं. चाचणी वीस गुणांची होती, पण तो चेहरा मी विसरलेले नाही. ‘हो’ मी लिहिलं होतं.

तेव्हापासून मी प्रश्नांच्या शब्दांकडे नीट बघते. ‘विज्ञान शनिवारी आहे ना?’ या प्रश्नाला कुणीही ‘हो’ म्हणून मोकळं होतं. तारीख तशीच लोंबकळत राहते. ‘विज्ञान कधी आहे?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘वेळापत्रक वर टाकलं आहे, बघा.’ ‘१०/११?’ असं लिहिलं तर ते दहा किंवा अकरा, की दहा नोव्हेंबर? या आईनं आधी काय छापलं आहे ते सांगितलं, ते कशाशी जुळत नाही ते सांगितलं, आणि मग ‘शुक्रवारी १० ला की शनिवारी ११ ला’ असे दोनच पर्याय वारासकट पुढे ठेवले. या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येत नाही. ‘तुमचं चुकलं आहे’ असं त्यांनी म्हटलं नाही, आणि स्वतःहून ‘शनिवार असणार’ असंही ठरवलं नाही. वार चुकला की तारीख, हे घरी बसून ठरवता येत नाही. ते शाळेनंच सांगायला हवं.

आपल्या भाषेतला एक खड्डाही इथे सांगते. ‘परवा’ म्हणजे येणारा दिवस आणि गेलेला दिवसही. ‘उद्या पेपर आहे का?’ हा रात्री अकराला लिहिलेला प्रश्न समोरच्यानं सकाळी सातला वाचला, की ‘उद्या’ एक दिवस पुढे सरकतो. ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे काहींना येणारा शुक्रवार वाटतो, काहींना त्याच्या पुढचा. म्हणून तारखेच्या प्रश्नात वार, आकडा आणि महिना तिन्ही लिहावेत.

त्यांनी हे उत्तर माझ्या फोटोलाच जोडून पाठवलं होतं. संदेशावर बोट सरकवलं की तशी सोय असते. त्यामुळे मधल्या अंगठ्यांच्या गर्दीतही प्रश्न कशाबद्दल आहे ते लगेच दिसलं. खाली हजेरी क्रमांक होता हेही बरं. सगळ्यांचे नंबर माझ्याकडे नावानिशी जतन केलेले नसतात.

यानंतर गटावर जे होतं तेच झालं. एकजण म्हणाले, ‘शनिवारीच असेल.’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘माझ्या मुलीनं वहीत शुक्रवार लिहून आणलंय.’ त्या आईनं वाद घातला नाही, फक्त लिहिलं, ‘मॅडम सांगतील तोपर्यंत थांबू या.’ दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिहिलं, ‘विज्ञान शनिवार, ११ ऑक्टोबर, सकाळी ८ ते १०.’ त्यावर त्यांचं शेवटचं उत्तर आलं, ‘विज्ञान शनिवार ११ ऑक्टोबर, सकाळी ८ ते १०. समजलं. धन्यवाद.’ मी सांगितलेलं त्यांनी परत म्हटलं आणि विषय मिटला.

माझं काम मात्र तिथे संपलं नव्हतं. जुना फोटो पन्नासएक फोनमध्ये होता, काही घरांत फ्रिजवरही चिकटवलेला असेल. खाली लिहिलेली दुरुस्ती सगळे वाचतातच असं नाही. म्हणून मी जुना फोटो गटावरून काढला, नवीन वेळापत्रक ‘सुधारित’ असं वर लिहून टाकलं आणि मुलांना वर्गात फळ्यावरून वहीत उतरवून घ्यायला लावलं. शनिवारी सकाळी आठ वाजता वर्गात सगळी मुलं हजर होती.

काही शाळांच्या गटांवर फक्त शिक्षकच लिहू शकतात. तिथे हेच शब्द मुलाच्या दैनंदिनीत लिहून पाठवावेत आणि खाली शिक्षकांच्या सहीसाठी जागा सोडावी. मुलाचं आजारपण किंवा अभ्यासातली अडचण यांसारख्या घरच्या गोष्टी गटावर आणू नयेत, त्या वेगळ्या सांगाव्यात. पण वेळापत्रकातली शंका गटावरच विचारावी, कारण ती एकाला आली तरी पेपर सगळ्यांचा असतो. त्या रात्री ‘ओके’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी मुलांना शुक्रवारी विज्ञानाच्या पेपरासाठी पाठवलं असतं, कोण जाणे.