गतिकीय आणि ऊष्मागतिकीय नियंत्रण

गतिकीय नियंत्रण आणि ऊष्मागतिकीय नियंत्रण या कार्बनी रसायनशास्त्रातील दोन संकल्पना आहेत. एकाच अभिक्रियेतून एकाहून अधिक उत्पादिते मिळत असतील, तर त्यांचे परस्परप्रमाण कशावरून ठरते, हे त्या स्पष्ट करतात. जे उत्पादित अधिक वेगाने तयार होते त्याचे प्रमाण अधिक राहिले, तर अभिक्रिया गतिकीय नियंत्रणाखाली आहे असे म्हणतात. उत्पादितांचे एकमेकांत रूपांतर होऊन समतोल साधला गेला आणि त्यामुळे अधिक स्थिर उत्पादित वरचढ ठरले, तर ते ऊष्मागतिकीय नियंत्रण होय. १,३-ब्युटाडायीन या संयुग्मित डायीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची (HBr) समावेशन अभिक्रिया हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

## ब्युटाडायीनवरील समावेशन

ब्युटाडायीनमध्ये (CH2=CH–CH=CH2) दोन दुहेरी बंधांच्या मध्ये एकच एकेरी बंध असतो. HBr मधील प्रोटॉन प्रथम टोकाच्या कार्बनला जोडला जातो. त्यातून तयार होणाऱ्या ॲलिल प्रकारच्या धन आयनात धनभार एका कार्बनवर स्थिर नसतो. तो दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवर वाटला गेलेला असतो, त्यामुळे ब्रोमाइड आयन या दोहोंपैकी कोठेही जोडला जाऊ शकतो. दुसऱ्या कार्बनवर जोडला गेल्यास ३-ब्रोमो-१-ब्युटीन (CH3–CHBr–CH=CH2) मिळते. यास १,२-समावेशन म्हणतात. चौथ्या कार्बनवर जोडला गेल्यास दुहेरी बंध मध्यभागी सरकतो आणि १-ब्रोमो-२-ब्युटीन (CH3–CH=CH–CH2Br) मिळते. हे १,४-समावेशन होय.

−८० °से. तापमानास मिळणाऱ्या मिश्रणात १,२-उत्पादित सुमारे ८० टक्के, तर १,४-उत्पादित सुमारे २० टक्के असते. ४० °से. तापमानास हे प्रमाण नेमके उलटते. ब्युटाडायीन −४.४ °से. तापमानासच उकळत असल्याने ४० °से.चा प्रयोग बंद पात्रात करावा लागतो.

## प्रमाण का उलटते?

‘थंडीत जलद उत्पादित मिळते, उष्णतेत स्थिर उत्पादित मिळते’ असा नियम विद्यार्थी पाठ करतात. तो या उदाहरणापुरता चुकीचा नाही. परंतु त्यावरून तापमान वाढले की स्थिर उत्पादित अधिक वेगाने तयार होऊ लागते असा समज होतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही, हे थोड्या आकडेमोडीवरून दिसते.

−८० °से. म्हणजे १९३ केल्व्हिन. या तापमानास दोन उत्पादितांचे प्रमाण ४ : १ आहे, म्हणजे १,२-उत्पादित चौपट वेगाने बनते. वेगांचे गुणोत्तर आणि सक्रियण ऊर्जांमधील फरक यांच्या संबंधावरून (RT ln ४) हा फरक सुमारे २.२ किलोज्यूल प्रति मोल इतका येतो. दोन मार्गांतील फरक तापमानाने फारसा बदलत नाही असे धरले, तर ४० °से. तापमानास, म्हणजे ३१३ केल्व्हिनला, वेगांचे गुणोत्तर सुमारे २.३ होते. केवळ वेगावरच प्रमाण ठरत असते, तर त्या तापमानासही मिश्रणात सुमारे ७० टक्के १,२-उत्पादितच मिळाले असते. तापमान वाढवल्याने दोन वेग एकमेकांच्या जवळ येतात, परंतु त्यांचा क्रम उलटत नाही.

म्हणून उलटलेल्या प्रमाणाचे कारण अन्यत्र शोधावे लागते. ते कारण म्हणजे परतीची वाट. ३-ब्रोमो-१-ब्युटीनमधील कार्बन–ब्रोमीन बंध तुटून पुन्हा तोच ॲलिल धन आयन तयार होऊ शकतो. मात्र त्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर मोठा असतो. −८० °से. तापमानास तो जवळजवळ ओलांडला जात नाही, त्यामुळे एकदा बनलेले उत्पादित तसेच अडकून राहते. ४० °से. तापमानास बंध तुटण्याची व जुळण्याची क्रिया पुनःपुन्हा घडते. १-ब्रोमो-२-ब्युटीनकडे वळलेले रेणू तुलनेने उशिरा परततात, कारण ते अधिक स्थिर आहे. त्यातील दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंस कार्बन जोडलेले असतात, तर १,२-उत्पादितात दुहेरी बंध साखळीच्या टोकाशी, एकाच बाजूने जोडलेला असतो.

समतोलाचे २० : ८० हे प्रमाण घेतल्यास दोन उत्पादितांच्या मुक्त ऊर्जांतील फरक सुमारे ३.६ किलोज्यूल प्रति मोल इतका भरतो. हाच फरक −८० °से. तापमानास लावला, तर समतोलात १,४-उत्पादित सुमारे ९० टक्के असायला हवे. स्थिर उत्पादिताला अनुकूलता थंडीतच अधिक असते. केवळ तेथे समतोल साधायला लागणारा वेळ प्रयोगाच्या आवाक्यापलीकडचा असतो.

## नियंत्रण कोणते, हे कसे ओळखावे

केवळ एका प्रमाणावरून निष्कर्ष काढता येत नाही. खात्रीची कसोटी म्हणजे शुद्ध उत्पादित घेऊन ते त्याच परिस्थितीत ठेवून पाहणे. −८० °से. तापमानास मिळालेले मिश्रण HBr सह ४० °से. पर्यंत तापवले, तर ते हळूहळू २० : ८० या प्रमाणाकडे सरकते. शुद्ध १,२-उत्पादितापासून किंवा शुद्ध १,४-उत्पादितापासून सुरुवात केली तरी शेवटी मिश्रण तेच मिळते. दोन्ही बाजूंनी एकाच प्रमाणास पोहोचणे हाच समतोलाचा पुरावा होय. ठरावीक अंतराने नमुने काढून प्रमाण बदलते आहे काय, हेही पाहता येते.

येथे दोन चुका होण्याचा संभव असतो. पहिली म्हणजे थंडीत केलेले मिश्रण उरलेले आम्ल न काढताच तपासणीसाठी तापू देणे किंवा त्याचे ऊर्ध्वपातन करणे. त्यामुळे समघटक एकमेकांत बदलतात आणि मोजलेले प्रमाण मूळ अभिक्रियेचे राहत नाही. दुसरी चूक म्हणजे पेरॉक्साइडकडे दुर्लक्ष करणे. हवेच्या संपर्कात ब्युटाडायीनमध्ये पेरॉक्साइड साचते आणि त्यामुळे HBr ची समावेशन अभिक्रिया मुक्त मूलकांच्या मार्गाने होते. त्या मार्गाने कमी तापमानासही १-ब्रोमो-२-ब्युटीन मुख्यत्वे मिळते, आणि थंडीतच ऊष्मागतिकीय नियंत्रण असल्याचा आभास निर्माण होतो.

## १,२-उत्पादित जलद का बनते?

याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की धन आयनातील दुसरा कार्बन द्वितीयक आणि चौथा प्राथमिक असल्याने धनभाराचा अधिक वाटा दुसऱ्याकडे असतो. ते पुरेसे आहे काय, हे तपासण्यासाठी १९७९ मध्ये नॉर्डलँडर व सहकाऱ्यांनी १,३-पेन्टाडायीनवर ड्यूटेरियम क्लोराइडचा प्रयोग केला. येथे बनणाऱ्या ॲलिल आयनाच्या दोन्ही टोकांचे कार्बन द्वितीयकच असतात. त्यांतील फरक एवढाच की एका बाजूच्या मिथिल गटात ड्यूटेरियम असतो. भाराच्या वाटणीमुळे निवड होत असती, तर दोन्ही उत्पादिते जवळपास सारखी मिळायला हवी होती. प्रत्यक्षात १,२-उत्पादितच अधिक मिळाले. प्रोटॉन, किंवा येथे ड्यूटेरियम, देऊन मोकळा झालेला ऋण आयन लगेच दूर जात नाही, तो दुसऱ्या कार्बनच्या निकट असतो आणि तेथेच आधी जोडला जातो. भाराच्या वाटणीचा काही परिणाम ब्युटाडायीनमध्ये असू शकतो, पण निकटतेला वगळून हे चित्र पूर्ण होत नाही.

## मर्यादा

१,२ म्हणजे गतिकीय आणि १,४ म्हणजे ऊष्मागतिकीय, असे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही. १-फिनिल-१,३-ब्युटाडायीनवर हायड्रोजन क्लोराइडची समावेशन अभिक्रिया केल्यास प्रोटॉन साखळीच्या मोकळ्या टोकाला जोडला जातो आणि १,२-उत्पादितात उरणारा दुहेरी बंध बेन्झीन वलयाशी संयुग्मित राहतो. १,४-उत्पादितात हे संयुग्मन नष्ट होते. त्यामुळे तेथे १,२-उत्पादितच अधिक स्थिरही ठरते, आणि तापमान बदलून प्रमाण उलटवता येत नाही.