डेटा संपल्यावरचे इंटरनेट

बहुतेक ब्रॉडबँड प्लॅनना एक मर्यादा असते. ठरलेला डेटा वापरून झाला की जोडणी तोडली जात नाही, फक्त तिचा वेग उतरवला जातो. कंपन्या याला फेअर युसेज पॉलिसी किंवा एफयूपी म्हणतात, आणि त्याच प्लॅनची जाहिरात ‘अनलिमिटेड’ अशीही करतात. घरात तारेने येणाऱ्या ब्रॉडबँडचा डाउनलोडचा वेग कोणत्याही प्लॅनमध्ये ५१२ केबीपीएसच्या खाली उतरवू नये, असा निर्देश ट्रायने २०१६ मध्ये दिला. मोबाइल डेटाला आणि सिमकार्डावर चालणाऱ्या राउटरला हा आधार नाही. तिथे दिवसाचा डेटा संपला की वेग बऱ्याचदा ६४ केबीपीएसवर येतो. इंटरनेट बंदच पडले असे वाटते ते मुख्यतः इथे.

वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. आता अडीच एमबीचे एखादे बातम्यांचे पान घ्या. आजच्या वेबवर एवढा आकार नेहमीचाच आहे. ते पूर्ण उतरायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. हेच पान ५१२ केबीपीएसवर सुमारे ४० सेकंदांत येते. तेही संथच, पण येते.

पाच मिनिटे थांबूनही पान दिसेल याची खात्री नसते. ब्राउझर पडद्यावर काही उमटवण्याआधी पानाचा सांगाडा, त्याची मांडणी ठरवणाऱ्या फाइली आणि काही स्क्रिप्ट यांची वाट पाहतो. हे सगळे मिळून ३०० केबी धरले तरी जवळपास ४० सेकंद पडदा कोरा राहतो. मजकूर कदाचित आलेलाही असतो, पण स्क्रिप्ट अडकल्यामुळे तो दाखवला जात नाही. इतका वेळ कोणी धीर धरत नाही. रिफ्रेश दाबले जाते आणि अर्धवट आलेल्या बऱ्याच गोष्टी पुन्हा पहिल्यापासून मागवल्या जातात.

शिवाय ही ८ केबी एकट्या त्या पानाच्या वाट्याला येत नाहीत. खिशातला फोन फोटोंचा बॅकअप चढवत असतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे व्हिडिओ आपोआप उतरत असतात, लॅपटॉप अपडेट घेत असतो. पूर्ण वेगात ही कामे जाणवतही नाहीत; इथे ती अख्खी वाट अडवून बसतात. कंपनीकडचे यंत्र जास्तीची पॅकेट रांगेत थांबवते किंवा सरळ टाकून देते. रांग लांबली की साध्या विनंतीचे उत्तरही काही सेकंदांनी येते. पॅकेट टाकली गेली की ती पुन्हा पाठवावी लागतात, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारा डीएनएस किंवा सुरक्षित जोडणी जुळवणारी देवाणघेवाण यांना इतका उशीर चालत नाही. त्यांची मुदत संपते आणि पडद्यावर ERR_CONNECTION_TIMED_OUT असा संदेश येतो. वाचणाऱ्याला जोडणी तुटल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात ती शाबूत असते.

हा बिघाड नाही, मर्यादेचा परिणाम आहे, हे ओळखता येते. राउटरचे सगळे दिवे नेहमीसारखे लागलेले असतात. व्हॉट्सअॅपवरचा नुसता मजकूर उशिरा का होईना जातो, फोटो मात्र फिरत राहतो. लाइन खराब असेल किंवा गर्दी असेल तर वेग वरखाली होतो. मर्यादा लागलेली असेल तर तो एकाच आकड्याभोवती थांबतो, मग पहाट असो वा रात्र. घरातली बाकी सर्व उपकरणे वाय-फायवरून काढून एकाच उपकरणावर वेग मोजला आणि तो ६० केबीपीएसच्या आसपास निघाला, तर शंका उरत नाही. स्पीड टेस्टचे पानच उघडले नाही, तर कंपनीच्या अॅपमध्ये वापरलेला डेटा पाहावा. ते अॅप दुसऱ्या जोडणीवरून उघडणे सोयीचे.

त्या अवस्थेतही थोडे काम निघते. बॅकअप, अपडेट आणि आपोआप होणारे डाउनलोड बंद केले, ब्राउझरमध्ये चित्रे दाखवणे थांबवले, तर मजकुराची साधी पाने आणि ईमेल चालतात. व्हिडिओचा नाद सोडावा लागतो.

दिवसाची मर्यादा असेल तर वेग साधारणपणे मध्यरात्रीनंतर परत येतो, महिन्याची असेल तर नवे बिलचक्र सुरू झाल्यावर. मधेच टॉप-अप घेतला आणि तरी फरक पडला नाही, तर राउटर एकदा बंद करून सुरू करावा. वेगाची मर्यादा कंपनीच्या यंत्रणेत चालू सत्राला लावलेली असते, आणि काही ठिकाणी नवे सत्र सुरू झाल्याशिवाय ती उठत नाही. त्यानंतरही वेग तेवढाच राहिला, तर वापराचा आकडा आणि टॉप-अपची पावती जोडून तक्रार नोंदवावी.