पट्टीचा हिरवा आणि दिव्याचा पिवळा

नेफ्रॉटिक सिंड्रोम झालेल्या मुलाच्या घरी एक वही ठेवलेली असते. सकाळच्या पहिल्या लघवीत पट्टी बुडवायची आणि वहीत लिहायचं: निल, ट्रेस, वन प्लस, टू प्लस. या आजारात मूत्रपिंडाच्या गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरतं. सलग तीन दिवस थ्री प्लस किंवा फोर प्लस आलं, की आजार उलटला असं डॉक्टर धरतात आणि बहुधा स्टिरॉइड पुन्हा सुरू होतं. हल्ली वहीच्या जोडीला पट्टीचा फोटोही डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर जातो, आणि घोळ तिथेच होतो.

पट्टीवरच्या प्रथिनाच्या चौकोनात टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू हे रंगद्रव्य असतं आणि त्याच्यासोबत आम्लता कायम राखणारं मिश्रण. त्या आम्लतेत रंग पिवळा राहतो. अल्ब्युमिन येऊन चिकटलं, की आम्लता न बदलताही रंगद्रव्य निळं होऊ लागतं, आणि पिवळ्यात निळं मिसळल्यामुळे आपल्याला हिरवं दिसतं. डबीवरचा तक्ता म्हणजे फिकट पिवळ्यापासून निळसर हिरव्यापर्यंतचा प्रवास. एका डेसिलिटरला साधारण ३० मिलिग्रॅम म्हणजे वन प्लस, १०० म्हणजे टू प्लस, ३०० म्हणजे थ्री प्लस.

आता घरातले दिवे पाहा. पिवळसर बल्ब साधारण २७०० केल्विनचा असतो, पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपासची. दोन्हींतला फरकही पिवळ्या-निळ्याचाच. म्हणजे ज्या दिशेने चौकोनाचा रंग सरकतो, नेमक्या त्याच दिशेने दिवाही त्याला ढकलतो. बल्बखाली हिरवट चौकोन पिवळ्याकडे झुकतो आणि वन प्लस ट्रेससारखा दिसू शकतो.

डोळा हा फरक बराचसा भरून काढतो. फोनही तसा प्रयत्न करतो, पण चौकटीत पांढरं काय असावं याचा तो अंदाज बांधतो. पट्टी पिवळ्या टेबलक्लॉथवर ठेवलीत, तर दिवाच पिवळा आहे असं समजून तो फोटोत निळं वाढवू शकतो, आणि निल असलेला चौकोन हिरवट होतो. काळ्या ओट्यावर फोन चित्र उजळवतो, त्यात फिकट छटा धुऊन जातात. फ्लॅश मारला तर ओल्या चौकोनावर चकाकी येते. म्हणून पट्टी साध्या पांढऱ्या कागदावर आडवी ठेवावी आणि डबीवरचा तक्ता त्याच फोटोत घ्यावा, मात्र ओली पट्टी डबीला न टेकवता. तक्त्यावर आणि चौकोनावर उजेड एकच पडला, तर दोघांची चूकही बरीचशी सारखी होते. बरीचशीच, कारण छापील शाई आणि चौकोनातलं रंगद्रव्य वेगळी असतात. खिडकीच्या उजेडात जुळलेले दोन रंग ट्यूबखाली जुळतीलच असं नाही. घरच्या फोटोवरून चाचणी वाचणाऱ्या कंपन्या पट्टीसोबत खास रंगफलक देतात तो याचसाठी.

वेळेचा प्रश्न वेगळा आहे. प्रथिनाचा चौकोन सहसा ६० सेकंदांना वाचतात, ग्लुकोजचा ३० ला, पांढऱ्या पेशींचा दोन मिनिटांनी. आपल्या डबीवर जे छापलं असेल ते खरं. त्या क्षणी रसायन थांबत नाही. ग्लुकोजचा रंग गडद होत जातो. प्रथिनाच्या चौकोनातलं आम्ल लघवीत हळूहळू विरतं, आणि लघवी अल्कधर्मी असेल तर प्रथिन नसतानाही तो हिरवा होऊ शकतो. पट्टी जास्त वेळ बुडवून ठेवली तरी हेच होतं. मग पाणी उडून रंग दाट होतात.

समजा, डिसेंबरात सहा वाजता मुलगा उठला. बाहेर अंधार आहे. आईने बाथरूमच्या पिवळ्या बल्बखाली पट्टी बुडवली, शाळेच्या डब्याच्या गडबडीत ती बेसिनवर राहिली आणि वीस मिनिटांनी फोटो निघाला. वाळलेल्या चौकोनाने प्रथिन वाढवलं असेल, बल्बने कमी केलं असेल. दोन्ही चुका किती मोठ्या, हे त्या फोटोवरून कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टरांना तो निलही दिसेल, टू प्लसही.

यावरचा उपाय सोपा आहे, आणि तो कुणी सांगत कसं नाही याचं मला नवल वाटतं. बुडवलेली पट्टी थांबू शकत नाही, लघवी थांबू शकते. स्वच्छ, झाकणबंद बाटलीत ती दोन तासांपर्यंत चालते. मुलाला शाळेत पाठवावं, उजाडलं की बाटली हलवून पट्टी बुडवावी, लगेच बाहेर काढून कडेला निथळावी, फोनवर टायमर लावावा, साठाव्या सेकंदाला खिडकीपाशी तक्त्याशी ताडून वहीत लिहावं आणि मग फोटो काढावा. उन्हाची तिरीप मात्र थेट पट्टीवर नको.

तरीही शंका उरली, तर रंगावर अजिबात न विसंबणारी जुनी चाचणी आहे. डॉक्टरांनी शिकवली असेल, तर परीक्षानळीतल्या लघवीत सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकतात. प्रथिन असेल तर ती गढूळते. नळीमागे छापील कागद धरायचा: अक्षरं वाचता आली तर वन प्लस, नुसत्या जाड काळ्या रेघा दिसल्या तर टू प्लस. हे वाचन बाथरूमच्या बल्बखालीही करता येतं.