दोन वाटांचा पूल

हेक्सचा पट शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. त्यावर 11 ओळी आणि प्रत्येक ओळीत 11 षटकोनी घरं, म्हणजे एकूण 121 घरं. खालची प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा अर्धं घर उजवीकडे सरकलेली असते, म्हणून पट कललेला दिसतो. लाल खेळाडूने वरची कड खालच्या कडेला जोडायची, निळ्याने डावी कड उजवीला. आळीपाळीने एकेक सोंगटी कुठल्याही रिकाम्या घरात ठेवायची. ठेवलेली सोंगटी हलत नाही, मारलीही जात नाही. एवढेच नियम.

डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी हा खेळ शोधला आणि 1942 च्या डिसेंबरात ‘पॉलिटिकन’ या दैनिकातून तो ‘पॉलिगॉन’ या नावाने लोकांसमोर आला. काही वर्षांनी प्रिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या जॉन नॅश यांना तोच खेळ स्वतंत्रपणे सुचला. ‘हेक्स’ हे नाव त्याला 1952 मध्ये मिळालं, अमेरिकेत तो पार्कर ब्रदर्सने बाजारात आणला तेव्हा.

नवा खेळाडू पहिल्यांदा काय करतो, तर सोंगटीला सोंगटी चिकटवत कडेकडे निघतो. त्या चालीने 11 ओळी ओलांडायला 11 सोंगट्या लागतात आणि तेवढा वेळ समोरचा देत नाही. मुरलेला खेळाडू घरं सोडून खेळतो. समजा लाल सोंगटी पटाच्या मधोमध, सहाव्या ओळीतल्या सहाव्या घरात आहे. दुसरी लाल सोंगटी आठव्या ओळीतल्या पाचव्या घरात ठेवली. दोघी एकमेकींना टेकलेल्या नाहीत, पण मधल्या सातव्या ओळीतली पाचवं आणि सहावं ही दोन घरं दोघींनाही लागून आहेत. निळा पाचव्यात शिरला तर लाल सहाव्यात बसतो; निळा सहाव्यात शिरला तर लाल पाचव्यात. एका खेपेला एकच सोंगटी ठेवता येते, त्यामुळे दोन्ही वाटा एकदम बंद होत नाहीत. हाच पूल.

आता तोच पूल पुढे न्या. दोन ओळी खाली, एक घर मागे: दहाव्या ओळीतलं चौथं घर. तिथून खाली अकराव्या ओळीतली तिसरं आणि चौथं ही दोन घरं मोकळी असली, तर कडही जोडली गेली असं समजा. वरच्या बाजूला याच हिशेबाने चौथ्या ओळीतलं सातवं आणि दुसऱ्या ओळीतलं आठवं घर. अशा पाच सोंगट्या बसल्या आणि मधल्या सगळ्या जोड्या रिकाम्या असल्या, की डाव संपला. निळ्याने सहापैकी कुठल्याही जोडीत सोंगटी घातली, तरी लालने त्याच जोडीतलं दुसरं घर भरायचं. कागदावर घरं काढून हे एकदा स्वतः करून पाहावं. पाच सुट्या सोंगट्या एकसंध भिंतीसारख्या वागताना दिसतात, तेव्हा खेळ उलगडतो.

पूल तुटतो तो बहुधा हिशेब चुकल्यामुळे. एकच रिकामं घर दोन पुलांच्या भरवशात धरलं असेल, तर शत्रू नेमका तिथेच बसतो. मग एका चालीत दोन्ही पूल धोक्यात येतात आणि तुम्हाला एकच वाचवता येतो. म्हणून प्रत्येक पुलाची जोडी वेगळी आहे ना, हे बोट ठेवून मोजावं.

अडवणाऱ्याची चूक वेगळी असते. तो घाबरून लालच्या सोंगटीला अगदी चिकटून बसतो. पण खालच्या ओळीतली दोन घरं त्या सोंगटीला लागून असतात. एक अडवलं तर ती दुसऱ्यातून बाजूने निघून जाते. त्यामुळे दोन-तीन ओळी पुढे जाऊन, डावीकडची आणि उजवीकडची दोन्ही वळणं हाताशी राहतील अशा जागी उभं राहावं लागतं. ती सोंगटी आपल्याच कडेशी किंवा आपल्याच साखळीशी पुलाने जोडली जात असेल तर उत्तमच, कारण या खेळात अडवणं आणि जोडणं ही दोन कामं नाहीत. लालची वाट पूर्ण अडवायची, तर निळ्याची डावीकडून उजवीकडे जाणारी अखंड साखळीच लागते. म्हणून पट भरला तर कोणीतरी जिंकलेलंच असतं, बरोबरी होत नाही. हे षटकोनामुळे घडतं. चौकोनी घरांत एका कोपऱ्याला चार घरं भिडतात, तिथे दोन्ही रंग तिरपे अडकून पडतात. षटकोनांत एका कोपऱ्याला तीनच घरं भिडतात, म्हणून अशी कोंडी होत नाही.

बरोबरी नाही, यावरून नॅश यांनी दाखवून दिलं की पहिल्या खेळाडूकडे जिंकण्याचा मार्ग असतोच. दुसऱ्याकडे खात्रीचा डाव असता, तर पहिल्याने एक सोंगटी कुठेही ठेवून तोच डाव उचलला असता. जास्तीच्या सोंगटीने त्याचं नुकसान कधीच होत नाही. तो मार्ग नेमका कोणता, हे मात्र ही सिद्धता सांगत नाही. पहिल्याला असलेलं हे झुकतं माप काढायला आज अदलाबदलीचा नियम वापरतात. पहिल्याने एक सोंगटी ठेवायची आणि दुसऱ्याने ठरवायचं, की ती बाजू आपण घ्यायची की समोरच्याकडेच राहू द्यायची. मधल्या घरात पहिली सोंगटी ठेवणाऱ्याची बाजू समोरचा लगेच उचलतो. त्यामुळे जाणते खेळाडू सुरुवात कडेच्या, फारशा जोरदार नसलेल्या घरातून करतात.